मात्रा सोळा भरतात, तरी ओळ लंगडते. नेमकं कुठे?

शब्दखुळी
मंडळी, वर्षभर इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

पादाकुलकात एक कविता लिहायला घेतली आहे. पहिलं कडवं असं आहे:

रात्र सरेना, दिवा जळेना
दारामध्ये उभी सावली
तिच्या पावलांची चाहूल ये
वाऱ्याने मग कडी लावली

पहिली, दुसरी आणि चौथी ओळ मोठ्याने म्हणताना जीभ सरळ चालते. तिसरीला दर वेळी ठेच लागते, आणि कुठल्या शब्दाला लागते तेही धड सांगता येत नाही. बोटांवर मात्रा मोजल्या, चारही ओळींत सोळा आल्या. मग अडतंय काय? शब्द बदलायला माझी हरकत नाही, पण का बदलायचा हे कळलं तर पुढच्या कडव्यात माझी मी दुरुस्त करीन.

रिकामटेकडा
चरण लंगडतोय म्हणजे मुरगळला असणार. शेक द्या, दोन दिवस चालवू नका. :)

गणोबा
ताई, उत्तर सोपं आहे. अक्षरं मोजा. पहिली ओळ दहा, दुसरी नऊ, तिसरी दहा, चौथी दहा. म्हणजे तिसरी ठणठणीत आहे, तोकडी आहे ती दुसरी. तिच्यात एक अक्षर कमी पडतं, तो झोक तिसरीवर जातो आणि तुम्हाला वाटतं तिसरीच लंगडतेय. 'दारामध्येच उभी सावली' करा, दहा होतील. शाळेत वृत्त म्हणजे अक्षरं मोजणं असंच शिकलोय, आणि ते काही खोटं नव्हतं.

अर्धविराम
गणोबा, शाळेत शिकलात ते अक्षरगणवृत्त. तिथे अक्षरांची संख्या ठरलेली आणि कुठलं लघु, कुठलं गुरू तेही ठरलेलं. पादाकुलक हे मात्रांचं आहे. दोन लघूंच्या जागी एक गुरू आला की अक्षर एक कमी होतं, वजन तेवढंच राहतं. 'दारामध्ये' चार अक्षरांत आठ मात्रा घेतं, 'रात्र सरेना' पाच अक्षरांत तेवढ्याच. तुमचा 'च' लावला तर चांगली चालणारी दुसरी ओळ सतरावर जाईल.

शब्दखुळीताई, सतराचंच सांगायचं तर तुमच्या तिसऱ्या ओळीत सोळा नाहीतच. 'तिच्या' तीन, 'पावलांची' सात, झाल्या दहा. 'चाहूल' मधला हू दीर्घ, म्हणून तो शब्द पाच. 'ये' दोन. एकूण सतरा. एक मात्रा जास्त आहे, तीच खुपते. केस बंद.

शब्दखुळी
अरे देवा. बरोबर आहे, मी मोजताना तोंडाने 'चाहुल' म्हणत होते आणि लिहिताना हाताने 'चाहूल' लिहिलं. ह्रस्व केलं तर सोळा होतात.

पण केस बंद नाही हो. मी मुळात म्हणतच 'चाहुल' होते, म्हणजे ठेच लागत होती ती सोळा मात्रांच्याच ओळीत. आत्ता परत चार वेळा म्हणून पाहिली. आहेच.

काटेकोर
सोळा नाहीत, अजूनही सतराच आहेत. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं. 'तिच्या' मध्ये 'च्या' हे जोडाक्षर, म्हणून 'ति' गुरू. 'तिच्या' तीन नव्हे, चार. नियम म्हणजे नियम.

वाट_पाहू
कविता छान आहे पण मला वेगळीच शंका आहे. पहिल्या ओळीत दिवा जळत नाही म्हणता. मग दुसऱ्या ओळीत सावली कशी काय पडली? लंगडतोय तो अर्थ. आणि 'तिच्या' म्हणजे कोणाच्या? आई का?

रिकामटेकडा
वाट_पाहू, चांदणं असेल की. कवितेत वीजबिल विचारायचं नसतं.

शब्दखुळी
वाट_पाहू, सावलीचं नंतर बघू या का? आधी ही ओळ उभी राहू दे.

मोकळाश्वास
मुक्तछंदात लिहा. प्रश्नच मिटला.

अर्धविराम
मोकळाश्वास, मुक्तछंदातही ओळ लंगडते, फक्त तिथे दोष कुणावर ढकलता येत नाही. :)

तालमणी
उशिरा आले, पण धागा वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल.

आधी काटेकोर यांचा मुद्दा. नियम जोडाक्षराचा नाही, आघाताचा आहे. जोडाक्षर उच्चारताना आधीच्या अक्षरावर जोर येत असेल तरच ते गुरू होतं. गंमत म्हणजे ताईंच्या याच कडव्यात दोन्ही नमुने आहेत. 'मध्ये' म्हणताना तोंडातून 'मद्ध्ये' निघतं, म वर जोर येतो, म्हणून तिथे म गुरू. 'तिच्या' म्हणताना कुणी 'तिच्च्या' म्हणत नाही. ति हलकाच राहतो, म्हणून लघु. 'तुझ्या', 'तुम्ही', 'तऱ्हा' हे सगळे याच जातीचे. तेव्हा 'चाहुल' केल्यावर सोळा होतात हे नक्की, आणि तरीही ओळ लंगडते हेही नक्की. ताईंचा कान बरोबर आहे.

आता ओळ जिथे दुखते तिथे जाऊ. पादाकुलकाच्या सोळा मात्रा एका रांगेत उभ्या नसतात. त्या आठ-आठच्या दोन आवर्तनांत येतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठोका पडतो. माधव जूलियन यांनी आठ मात्रांच्या या चालीला पद्मावर्तनी म्हटलंय, पण नाव बाजूला ठेवा. टेबलावर बोट आपटा. एका ओळीत दोन ठोके, कडव्यात आठ. कडवं असं फुटतं:

रात्र सरेना । दिवा जळेना
दारामध्ये । उभी सावली
तिच्या पावलां । ची चाहुल ये
वाऱ्याने मग । कडी लावली

ठोका कुणाकुणाला बसला ते बघा. रा, दि, दा, उ, ति, ची, वा, क. आठांपैकी सात ठोके शब्दाच्या तोंडावर पडले. एकटा 'ची' प्रत्यय आहे. शब्दाची शेपटी. तिच्यावर ओळीतला सगळ्यात जड ठोका पडतो आणि तिला तो पेलत नाही. जीभ मनातल्या मनात 'पावलांची' पूर्ण करायला पुढे सरकते, बोट मात्र 'पावलां' वर शब्द तोडायला लावतं. ही ओढाताण म्हणजे तुमची ठेच.

आणखी एक. 'तिच्या पावलां' आणि वरची 'उभी सावली' यांचं वजन अगदी एक आहे: लघु, गुरू, गुरू, लघु, गुरू. कानाने आत्ताच 'उभी सावली' ऐकून तिथे ओळ संपवली होती. तेच वजन परत आलं की कान तिथे थांबायला बघतो, आणि मागून 'ची' येऊन धक्का देतो.

शब्दखुळी
तालमणीताई, बोट आपटून पाहिलं. 'ची' वर बोट पडलं आणि मला हसूच आलं. इतकं ठळक होतं आणि मी दोन दिवस हू च्या मागे लागले होते.

गणोबा
म्हणजे अक्षरंही मोजायची नाहीत, मात्राही पुरत नाहीत, आता बोटं आपटायची. पुढे काय, मृदंग?

तालमणी
मृदंग असेल तर उत्तमच. नसेल तर बोट पुरतं. मोजणी चुकीची नाही हो गणोबा, मोजणीने एवढंच कळतं की माल पुरेसा आहे. तो नीट रचला आहे का ते ठोका सांगतो.

कोरापान
मी इंग्रजी शिकवतो, म्हणून एक शंका. तिथे आघात शब्दातच ठरलेला असतो. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. तिथली ओळ लंगडते ती शब्दाचा आघात आणि ओळीचा आघात जुळला नाही की. पण मराठी शब्दाला असा आघात असतोच कुठे? 'पावलांची' मधला जोर 'ची' वर टाकला तर अर्थ थोडाच बदलतो? मग कानाला खटकावं का?

तालमणी
अर्थ बदलत नाही, बरोबर. म्हणूनच आपल्याकडे कवीला पुष्कळ मोकळीक आहे. पण अर्थ न बदलणं वेगळं आणि कुठल्याही अक्षराने वजन पेलणं वेगळं. मराठी शब्द बोलताना आपण त्याच्या सुरुवातीला थोडं टेकतो आणि प्रत्यय गुंडाळून टाकतो. कविता म्हणताना ठोक्याखाली टेकायला जागा लागते, ती शब्दारंभी आपोआप मिळते.

हेही पूर्ण खरं नाही, ते सांगून टाकते. ठोका शब्दाच्या मधोमध पडला की दर वेळी लंगडतंच असं नाही. ही ओळ बघा: 'हळूहळू घरदार झोपले'. आठ मात्रा 'हळूहळू घर' वर भरतात आणि ठोका 'दार' वर पडतो, म्हणजे शब्द मधोमध तुटला. तरी कुठे अडलं? नाही, कारण 'घरदार' मध्ये सांधा तिथेच आहे. शब्द सांध्यावर तुटला तर चालतो, प्रत्ययाच्या मुळाशी तुटला तर लंगडतो.

अर्धविराम
मी मघाशी घाईने केस बंद केली, ती उघडतो. पण आता तालमणींना एक उलट प्रश्न. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' घ्या. भुजंगप्रयात, लगागा चार वेळा. गणांवर तोडा:

मना स । ज्जना भ । क्तिपंथे । चि जावे

'सज्जना' तुटला, 'भक्ति' तुटला, आणि शेवटच्या गणाच्या तोंडाशी तर चक्क 'चि' आहे, ताईंच्या 'ची' चा सख्खा भाऊ. इतक्या पिढ्या हे म्हणत आल्या, कुणाला ठेच लागली नाही. मग पादाकुलकावरच हा जुलूम का?

तालमणी
हा प्रश्न आवडला. माझं उत्तर असं: भुजंगप्रयातात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली आहे. बारा अक्षरं, पहिलं लघु, मग दोन गुरू, परत तेच. दुसऱ्या गणापर्यंत कानाला नकाशा पाठ होतो आणि शब्द कुठेही तुटला तरी कान वाट चुकत नाही. गण हे मोजायचं माप आहे, थांबायची जागा नाही. शिवाय तुमचा 'चि' लघु आहे. गणाच्या तोंडाशी असला तरी जोर त्याच्यावर नाही, त्याच्या पुढच्या 'जा' वर आहे.

पादाकुलकात नकाशा नसतो. आठ मात्रा चार गुरूंनी भरा, आठ लघूंनी भरा, कशाही भरा. कानाला धरायला एकच खुंटी असते, आठाच्या तोंडावरचा ठोका. तीच हलली तर धरायचं कशाला?

अर्धविराम
'चि' लघु असल्याचा मुद्दा मान्य. नकाशाचा पटला, पण पूर्ण नाही. मात्रावृत्तातही जुन्या रचनांत शब्द सीमेवर तुटलेले सापडतात. शोधून परत येतो.

सायली_म
मी या कडव्याला चाल लावून म्हणून पाहिलं आणि मला काहीच अडलं नाही. अगदी 'चाहूल' दीर्घ ठेवूनसुद्धा!

तालमणी
सायली, गाताना 'पावलांची' नंतर क्षणभर थांबलीस का?

सायली_म
हो, आणि 'लां' थोडा ओढला.

तालमणी
झालं तर. गळ्याने दुरुस्ती करून टाकली. गाताना मात्रा ताणता येतात, गिळता येतात, आणि ओळीतला दोष चालीखाली झाकला जातो. ओळ तपासायची तर गाऊ नये. बातम्या वाचल्यासारखी सपाट म्हणावी आणि फक्त बोट चालू ठेवावं.

एकमतला
माझी केस थोडी वेगळी आहे पण इथेच विचारतो. मी गझल लिहितो, लगागा चार वेळा. एक ओळ अशी आहे:

तुझे घर कुणाचे कुणाला विचारू

एका जाणकारांनी 'तेरा अक्षरं झाली, वृत्त मोडलं' म्हणून परत पाठवली. 'घर' च्या दोन लघूंना मी एक गुरू धरलंय. गझलेत ही सूट सगळे घेतात ना?

काटेकोर
भुजंगप्रयात म्हणून पाठवली असेल तर मोडलंच. अक्षरगणवृत्तात बारा म्हणजे बारा.

तालमणी
काटेकोर, तुमचं म्हणणं भुजंगप्रयातापुरतं खरं. गझल लिहिणारे ही सूट घेतात आणि या ओळीत ती शोभते, कारण आपण 'घर' लिहितो दोन अक्षरांत पण म्हणतो 'घर्', एका झटक्यात. कागदावर दोन लघु, तोंडात एकच जड अक्षर. म्हणून ते गुरूच्या जागी चपखल बसतं.

पण सूट कुठे महाग पडते तेही पाहून ठेवा. समजा ओळीची सुरुवात 'मला न कळले ते' अशी केलीत. मोजून बघा, म लघु, ला गुरू, 'न' आणि 'क' मिळून एक गुरू, ळ लघु, ले गुरू, ते गुरू. कागदावर लगागा लगागा बिनचूक. आता म्हणा. तोंड 'न' आणि 'क' एकत्र घेत नाही. तोंड म्हणतं 'न कळ्ले ते', म्हणजे जोडी लागते 'क' आणि 'ळ' ची. तुम्ही कागदावर लावलेली जोडी आणि तोंडाने लावलेली जोडी वेगळी, म्हणून ओळ अडखळते. दोन लघु तोंडात खरोखर एक होत असतील तरच त्यांना एक धरा.

एकमतला
आई गं. 'न कळले' प्रकारच्या माझ्या निदान चार ओळी आहेत. आता रात्र जाणार.

रिकामटेकडा
'रात्र सरेना' चा अनुभव घ्या मग.

काटेकोर
एक विचारतो, चिडून नाही. 'मध्ये' ला तुम्ही चार मात्रा दिल्या. आमच्याकडे बोलताना सर्रास 'मधे' म्हणतात, पुष्कळ जण लिहितातही. तसं म्हणणाऱ्या वाचकाच्या तोंडी दुसरी ओळ पंधरावर येईल. मग आघात उच्चारावर ठरतो तर कुणाच्या उच्चारावर?

तालमणी
याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. कवी 'मध्ये' आणि 'मधे' दोन्ही वापरतात, जिथे जे बसेल ते, आणि लिहिताना तसं लिहितात म्हणजे वाचकाला कळतं. ताईंनी 'मध्ये' लिहिलंय ते राहू द्यावं. पण 'तिच्या' सारख्या शब्दाला तेही करता येत नाही, तो लिहायची एकच रीत आहे.

शब्दखुळी
दुपारभर बोट आपटतेय. घरचे विचारताहेत काय झालं. तिसऱ्या ओळीचे पर्याय देते, सगळे ठोक्याशी तपासलेत:

येते चाहुल । तिच्या पदांची
पाऊल तिचे । वाजे हलके
तिची चाहूल । पावलांविना
चाहुल येते । पाऊल नसे

पहिलीत मला हवं ते सगळं आहे. पण 'पदांची' वाचून कसंतरीच होतंय.

रिकामटेकडा
तिच्या पदांची भरती कधी निघणार? :)

सायली_म
'पदांची' नको. बाकी कडवं घरगुती बोलीतलं आणि मध्येच एक पोथीतला शब्द. मात्रा बसवायला आणलाय हे लगेच दिसतं. तिसरा पर्याय मस्त! आणि त्यात 'चाहूल' दीर्घच राहतं, मुद्रितशोधकाशी भांडण नको.

कोरापान
भांडण तसंही नको. कवितेत वृत्तासाठी ह्रस्व-दीर्घाचं स्वातंत्र्य महामंडळाच्या लेखननियमांनीच दिलंय. 'चाहुल' बिनधास्त छापा.

अर्धविराम
मलाही तिसरा आवडला. 'तिची चाहूल पावलांविना'. आठ-आठ बरोबर, दोन्ही ठोके शब्दारंभी, ति आणि पा. तालमणी यांच्या कसोटीला पुरेपूर उतरतो.

तालमणी
उतरतो, आणि तरी मला तो किंचित खुरडतो असं वाटतं. पहिल्या आठांच्या आत बघा. ति एक, ची दोन, चा दोन, हू दोन, ल एक. आरंभीच्या एका लघूने पुढचे तिन्ही गुरू एकेक मात्रा सरकले. आठाच्या मधोमध, पाचव्या मात्रेवर, जो हलका ठोका असतो तो 'चा' च्या पोटात जातो. दुसऱ्या आठातही 'लां' असाच मधल्या ठोक्यावर पसरून बसतो. एका ओळीत दोनदा.

'उभी सावली' मध्येही हे एकदा होतं, 'सा' च्या पोटात. पण तिथे ते खपतं, कारण चौथ्या ओळीत नेमक्या त्याच जागी 'कडी लावली' तसंच सरकतं. जोडीने आलं की कान त्याला ठरवून केलेलं समजतो. त्या मानाने 'चाहुल येते, पाऊल नसे' अगदी चौकोनी आहे. चार-चार मात्रांवर शब्द किंवा शब्दाचा भाग स्वच्छ सुटतो.

अर्धविराम
तेच तर. जरा जास्तच चौकोनी. चारही ओळी अशा झाल्या तर कवायत वाटेल. मधला हलका ठोका चुकवणं हा दोष नाही, चव आहे. आठाची सीमा मोडू नये इतकंच मी मानेन. आणि खरं सांगू? मूळ ओळही मला पुरती टाकाऊ वाटत नाही. चाहूल लागते तेव्हा माणूस दचकतोच. तिथे ओळ दचकली तर बिघडलं काय?

तालमणी
दचकावं, पण कवीने दचकवलंय हे वाचकाला कळायला हवं. कवितेतली एकच ओळ अशी असली तर वाचक म्हणतो, इथे चुकली. पुढे जिथे जिथे 'ती' येईल तिथे ओळ तशीच मोडली तर मी तुमच्या बाजूने. चवीबद्दल वाद नाही.

वाट_पाहू
माझ्या सावलीचं काय झालं?

शब्दखुळी
वाट_पाहू, तुमच्यामुळेच निर्णय झाला! दिवा नाही तरी सावली आहे हे मी लिहिताना लक्षातच घेतलं नव्हतं. तुम्ही विचारल्यावर वाटलं, तेच तर कडवं आहे. दिवा नाही आणि सावली आहे, मग पाऊल नाही आणि चाहूल आहे. म्हणून चौथा पर्याय घेतेय. 'तिच्या' गेलं, पण ती कोण हे दुसऱ्या कडव्यात येऊ दे.

रात्र सरेना, दिवा जळेना
दारामध्ये उभी सावली
चाहुल येते, पाऊल नसे
वाऱ्याने मग कडी लावली

आठही ठोके तपासले. रा, दि, दा, उ, चा, पा, वा, क.

वाट_पाहू
अरे वा. पण मग ती आई आहे का?

अर्धविराम
छान झालं. माझं मत तिसऱ्यालाच, पण कविता तुमची. तालमणी, सीमेवर शब्द तुटलेल्या जुन्या ओळी शोधतोय, मिळाल्या की धागा वर काढतो.

एकमतला
चार नाही, सात ओळी निघाल्या.

गणोबा
मी पुन्हा मोजली. दहा, नऊ, दहा, दहा. दुसरी ओळ अजून तशीच आहे, कुणी बघणार आहे का?